बाबांच्या तीन पावत्या आणि आजीचा चौथा हिस्सा

बाबा ११ फेब्रुवारी २०२२ ला गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांच्या लोखंडी कपाटात एक प्लॅस्टिकची फाइल होती आणि त्यांची सगळी मालमत्ता तीत होती: आईबरोबरच्या जोडखात्याचं पासबुक, पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचं पुस्तक, एका व्यापारी बँकेतल्या चार-चार लाखांच्या तीन मुदत ठेव पावत्या, १९९० च्या दशकात घेतलेली दोन कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं आणि आमच्या पुण्याच्या फ्लॅटचे कागद. दादा बंगळुरूला असतो, आईचे गुडघे गेलेले. त्यामुळे फाइल माझ्याकडे आली.

पहिले दोन महिने सगळं इतकं सरळ झालं की लोक उगाच घाबरवतात असंच मला वाटायला लागलं. जोडखातं 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशा प्रकारचं होतं. मृत्यूचा दाखला आणि आईचे आधार-पॅन दिले, बाबांचं नाव निघालं. पोस्टात आईचं नामांकन होतं, तिथे एक फॉर्म आणि दोन साक्षीदार पुरले. अशा खात्यांसाठी, रक्कम कितीही असली तरी, कोर्टाचा कागद मागायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २००५ पासून बजावलेलं आहे. पावत्यांच्या बाबतीतही असंच होईल अशा समजुतीने मी बँकेत गेले.

तिन्ही पावत्या बाबांच्या एकट्याच्या नावावर होत्या आणि नामांकनाचा रकाना रिकामा होता. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की नामांकन नसेल तर त्यांची बँक पाच लाखांपर्यंतच वारसांच्या हमीपत्रावर पैसे देते, त्यापुढे कोर्टाचं 'सक्सेशन' आणावं लागेल. मी म्हटलं, एकेक पावती चार लाखांचीच आहे, एकेक करून घेऊ का? ते हसले. मर्यादा पावतीला नसते, माणसाच्या एकूण रकमेला असते.

घरी परतले तर सल्ल्यांचा पाऊस. शेजारचे म्हणाले, तहसीलदाराकडून वारस दाखला काढा, दोन आठवड्यांत मिळतो. मावसभाऊ म्हणाला, तलाठ्याकडे वारस नोंद करा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आधी प्रोबेट घ्या, फ्लॅटलाही तेच चालतं. तिघेही अनुभवावरून बोलत होते, फक्त प्रत्येकाचा अनुभव वेगळ्याच कागदाचा होता. तहसीलदाराचा दाखला मुख्यतः निवृत्तिवेतन आणि सरकारी देण्यांसाठी चालतो. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी, म्हणजे शेतजमिनीसाठी. आणि प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. आमच्याकडे मृत्युपत्रच नव्हतं, मग शिक्का कशावर मारणार? हा शेवटचा मुद्दा वकीलबाईंनी सांगितल्यावर डोक्यात शिरला. तोवर मी दोन आठवडे गूगलवर प्रोबेटचे नमुने वाचत बसले होते.

वकीलबाईंकडे गेले तेव्हा २०२२ चा नोव्हेंबर उजाडला होता, कारण मधे सप्टेंबरमध्ये आजी गेली. बाबांची आई. साताऱ्याला काकांकडे असायची, वय नव्वदीच्या पुढे. थोरला मुलगा गेल्याचं तिला सांगितलं होतं, पण ते तिच्या लक्षात राहत नसे. ती गेल्याचं दुःख वेगळं. पण तिच्या जाण्याचा बाबांच्या पावत्यांशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

वकीलबाईंनी फाइल उघडायच्या आधीच पहिला प्रश्न विचारला, "वडील गेले तेव्हा त्यांची आई हयात होती का?"

मी हो म्हटलं. आता नाही, असंही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग वारस तुम्ही तिघं नाही. मोजायला लागा."

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. आईला आपण सगळे विसरतो, कारण घरात 'वारस' हा शब्द खालच्या पिढीसाठीच वापरतात. बाबा गेले त्या क्षणी चार समान वाटे पडले: आजी, आई, दादा, मी. म्हणजे बारा लाखांपैकी तीन लाख त्या दिवसापासून आजीचे होते, तिला ठाऊक असो वा नसो. सात महिन्यांनी ती गेली, तीही मृत्युपत्र न करता. आजोबा आधीच गेलेले. मग तिचा चौथा हिस्सा तिच्या वारसांकडे गेला: काका, आत्या, आणि तिच्या हयातीत गेलेल्या मुलाची, म्हणजे बाबांची, मुलं. तिन्ही शाखांना समान. या दुसऱ्या वाटणीत आईला काही नाही, कारण सून सासूची या यादीतली वारस नसते.

वकीलबाईंनी माझ्याच फाइलच्या मागे गणित मांडलं. एकूण चोवीस भाग. आईचे सहा. दादाचे आणि माझे मूळचे सहा-सहा, अधिक आजीकडून आलेला एक-एक, म्हणजे सात-सात. काकांचे दोन, आत्याचे दोन. बारा लाखांत एक भाग पन्नास हजारांचा. आईला तीन लाख, आम्हा दोघांना साडेतीन-साडेतीन, काकांना एक लाख, आत्याला एक लाख.

हे लपवून तिघांच्याच नावाने अर्ज केला असता तर काय झालं असतं, असं मी विचारलं. लाजेचं काही नाही, प्रत्येक जण विचारतो म्हणे. अर्जात जवळच्या नातेवाइकांची माहिती द्यावी लागते, तीही शपथेवर, आणि खोटी माहिती देऊन मिळवलेला दाखला पुढे रद्द होऊ शकतो. काकांनी चार वर्षांनी विचारलं असतं तरी घोळ झाला असता. त्यातून काका विचारणारे माणूस आहेत.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा हा दाखला, ज्याला मराठीत वारसा प्रमाणपत्र किंवा सरळ 'सक्सेशन' म्हणतात, तो फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतो: बँकेतल्या ठेवी, शेअर, कोणी बाबांना देणं लागत असेल तर ते पैसे. फ्लॅट त्यात बसत नाही. आमचा निम्मा संसार त्या फ्लॅटमध्ये, आणि कोर्टाच्या या कागदात त्याचं नावही येणार नाही हे ऐकून आई हबकली. स्थावर मालमत्तेसाठी आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली वेगळा वारस दाखला कोर्टातून मिळतो. पण भांडण नसेल तर सोसायटीसाठी त्याचीही गरज पडतेच असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या दुरुस्तीनुसार वारसांमधला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तही चालतो. आम्ही पुढे तोच मार्ग धरला. काका आणि आत्यांनी आपला हिस्सा हक्कसोडपत्राने आईच्या नावे सोडला आणि तो दस्त नोंदवला. पण त्यांच्या सह्यांशिवाय तिथेही पान हललं नसतं.

शेअरचं गणित वेगळं निघालं. कागदी शेअरसाठी सेबीने २०२२ मध्ये मर्यादा वाढवली होती: एका कंपनीतल्या शेअरची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची नाहरकत यांवर काम होतं. डिमॅट खात्यात असते तर ही मर्यादा पंधरा लाखांची. बाबांच्या एका कंपनीचे शेअर पावणेचार लाखांचे होते, ते कोर्टाबाहेर सुटले. दुसऱ्या कंपनीच्या सर्टिफिकेटांवर दोनशे शेअर लिहिलेले होते. वकीलबाईंनी आग्रहाने कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहायला लावलं, तर उत्तरात सहाशे आले. मधल्या वर्षांत बोनस मिळाला होता आणि त्याची सर्टिफिकेटं एक तर आलीच नव्हती, किंवा आमच्या जुन्या घराच्या पत्त्यावर जाऊन हरवली होती. किंमत नऊ लाखांच्या आसपास. सर्टिफिकेटांवरचा आकडा बघून अर्ज केला असता तर दाखला दोनशेचाच मिळाला असता आणि चारशे शेअर लटकले असते. कारण दाखला 'बाबांच्या सगळ्या मालमत्तेचा' नसतो. त्याला एक परिशिष्ट असतं आणि त्यात लिहिलेल्या ओळींपुरताच तो बोलतो.

अर्ज कुठे करायचा यावर दादाशी एक संध्याकाळ गेली. त्याला बंगळुरूत करायचा होता, तिथे त्याच्या ओळखीचे वकील होते. पण मृत व्यक्ती शेवटी जिथे राहत होती तिथलंच कोर्ट चालतं. म्हणून पुणे.

जानेवारी २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. अर्जदार मी, बाकी चौघं जाबदार. आईला 'जाबदार' या शब्दाचा फार राग आला. "मी काय केलंय म्हणून जाब देऊ?" तिला समजावलं की तिच्याविरुद्ध काही नाही, तिचं म्हणणं कोर्टासमोर यावं म्हणून ते नाव. काकांना कोर्टाची नोटीस साताऱ्याला गेली आणि त्यांचा फोन आला तोच चढ्या आवाजात. इथे चूक माझी होती. नोटीस येणार हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. बेलिफाने दारात येऊन नोटीस बजावली आणि ती समोरच्या दुकानदाराने पाहिली, हे त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी एसटीने साताऱ्याला गेले, फाइलच्या मागचं ते चोवीस भागांचं गणित त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे आईने मला लाखभर ठेवलेत." मग त्यांनी नाहरकतीच्या पुरसिसवर सही केली. पुरसिस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लिहून दिलेलं साधं निवेदन.

मात्र त्या सहीचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. दाखला माझ्या नावाने द्यायला हरकत नाही, एवढंच काकांनी लिहून दिलं होतं. हिस्सा सोडलेला नव्हता. दाखला घेणारा पैसे गोळा करतो. बँकेने दाखल्यावर भरवसा ठेवून त्याला पैसे दिले की बँक सुटते. पण गोळा करणाऱ्याने ते इतर वारसांना त्यांच्या वाट्याप्रमाणे द्यायचे असतात. दाखल्यामुळे मालकीचा शेवटचा निवाडाही होत नाही, कोणी पुढे दावा लावला तर तो प्रश्न तिथे नव्याने उघडतो. मला वाटायचं की कोर्टाचा कागद म्हणजे पैसे माझे. नामांकनाचंही असंच. आईला पोस्टातून मिळालेले पैसेसुद्धा तिने सगळ्या वारसांच्या वतीने घेतलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये आणि शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. पोस्टाच्या रकमेतही म्हणून आम्ही नंतर काकांचा आणि आत्यांचा वाटा धरला. आई कुरकुरली, पण धरला.

कोर्टातलं काम म्हणाल तर ते तारखांचं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एक प्रत कोर्टाच्या फलकावर, हरकतीसाठी तीस दिवस. हरकत आली नाही. मग माझं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे शपथेवर लिहून दिलेली माझी साक्ष, त्याबरोबर मृत्यूचे दोन दाखले, बँकेचं पत्र, रजिस्ट्रारचं पत्र, सगळ्यांवर निशाणी क्रमांक पडले. न्यायाधीशांनी मला दोनच गोष्टी विचारल्या: वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का, आणि वडिलांना याशिवाय दुसरं कोणी अपत्य आहे का. दोन्हीची उत्तरं 'नाही'. आवाज मात्र फुटत नव्हता.

सप्टेंबरमध्ये आदेश झाला. त्यानंतर दोन गोष्टी बाकी होत्या ज्यांची मला नीट कल्पना नव्हती. एक म्हणजे कोर्ट फी. ती दाखल्यातल्या रकमेवर टप्प्यांनी चढते आणि तेव्हा तिची कमाल मर्यादा ७५ हजार होती. आमचे ठेवी-शेअर मिळून एकवीस लाख, त्यामुळे आम्ही थेट त्या मर्यादेला जाऊन टेकलो. वकीलबाईंनी आधीच म्हटलं होतं, "एकदा मर्यादा गाठली की वर घातलेली प्रत्येक ओळ फुकट. आठवतंय ते सगळं यादीत घाला." दुसरी गोष्ट म्हणजे जामीन. दाखला हातात देण्याआधी कोर्ट बंधपत्र लिहून घेतं, की पुढे दुसरा कोणी खरा हक्कदार निघाला तर त्याची भरपाई होईल. माझी मैत्रीण जामीनदार म्हणून उभी राहिली, तिच्या घराची कर पावती आणि उतारा जोडून. तिच्या नवऱ्याने तिला तीनदा विचारलं म्हणे, नक्की ना? मला त्याचा राग आला नाही. मीही विचारलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटी दाखला घेऊन बँकेत गेले. नवीन मॅनेजर आल्या होत्या. त्यांनी परिशिष्ट वाचलं, संगणकात पाहिलं, परत वाचलं. "या तीनपैकी दोन पावत्या आमच्याकडे नाहीत."

आम्ही अर्जाला जोडलेलं बँकेचं पत्र ऑगस्ट २०२२ चं होतं. नोव्हेंबरमध्ये दोन पावत्यांची मुदत संपली, त्या आपोआप पुढे चालू झाल्या आणि त्यांना नवे क्रमांक पडले. आम्ही जानेवारीत अर्ज करताना जुनं पत्र तसंच लावलं. रक्कमही वाढली होती. आदेशात व्याजासह असं लिहिलेलं होतं म्हणून रकमेचा फरक चालला, पण क्रमांकाचं काय? पुन्हा कोर्टात दुरुस्ती अर्ज, बँकेचं नवं पत्र की नवा क्रमांक त्याच जुन्या पावतीचा आहे, पुन्हा दोन तारखा. अडीच महिने. अर्ज करण्याच्या आठवड्यात ताजं पत्र आणणं, एवढंच हवं होतं. शक्य असेल तर त्यात 'या पावत्या आणि त्यांचं नूतनीकरण होऊन आलेल्या पावत्या' असे शब्द मागून घ्यावेत, हे मला पुढच्या वेळी, म्हणजे कधीच येऊ नये अशा वेळी, माहीत असेल.

शेअरचं काम त्यामानाने सुरळीत झालं. `ISR-5` हा फॉर्म, दाखल्याची प्रमाणित प्रत, माझं केवायसी. कागदी सर्टिफिकेट परत मिळत नव्हतं, तेव्हा पुष्टीचं पत्र यायचं आणि ते एकशेवीस दिवसांच्या आत डिमॅट खात्यात जमा करावं लागायचं. दाखल्यात एक गोष्ट तपासून घेतली होती ती उपयोगी पडली. कोर्ट लाभांश घेण्याचा अधिकार देऊ शकतं, शेअर विकण्याचा-हस्तांतराचा देऊ शकतं, किंवा दोन्ही. आम्ही दोन्ही मागितले होते.

या सगळ्यात आत्यांचं वागणं मला वेगळं वाटायचं. त्या एकदाही वैतागल्या नाहीत. पुरसिसवर सही करायला मुंबईहून आल्या तेव्हा कोर्टाच्या बाकावर डबा उघडून म्हणाल्या, "तुझं हे बरंच आहे गं. मी प्रोबेट केलंय."

आतोबा गिरगावात राहायचे. मालकीचं छोटं घर, थोड्या ठेवी. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं, सगळं आत्यांच्या नावे, अंमलबजावणी करणारा म्हणून आपला एक मित्र नेमला, साक्षीदार दोन: फॅमिली डॉक्टर आणि शेजारी. मुंबईत केलेलं, किंवा मुंबईतल्या घराबद्दल केलेलं हिंदू माणसाचं मृत्युपत्र त्या काळी प्रोबेटशिवाय कोर्टात उभं राहत नव्हतं. मुंबई आणि मद्रास उच्च न्यायालयांची मूळ दिवाणी हद्द, म्हणजे मुख्यतः ती शहरं, आणि ब्रिटिशांच्या काळातला बंगाल त्या नियमात होता. तेच मृत्युपत्र पुण्यात, पुण्याच्या घराबद्दल केलं असतं तर प्रोबेटची सक्ती नव्हती. माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं लहानपण लालबागला गेलं, म्हणून त्यांना प्रोबेट हा शब्द सगळीकडे चालतो असं वाटायचं.

आत्यांचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात गेला. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागलं. आत्यांना रात्रभर झोप लागली नाही, कारण तो एकच कागद. मी वारस शोधले, त्यांनी साक्षीदार शोधला. मृत्युपत्रावर सही होताना आपण हजर होतो असं निदान एका साक्षीदाराने शपथेवर सांगावं लागतं. डॉक्टर वारले होते. शेजारी हयात होते पण विरारला राहायला गेले होते आणि ते मृत्युपत्र त्यांना आठवत नव्हतं. त्यांची स्वतःची सही दाखवल्यावर आठवलं. मृत्युपत्रात ज्याला काही मिळालं नव्हतं त्या मुलालाही नोटीस गेली. तो टोरंटोला असतो. त्याची संमती तिथल्या नोटरीपुढे करून आणावी लागली. त्याने हरकत घेतली असती, कॅव्हिएट दाखल केलं असतं, तर अर्जाचा दावा झाला असता आणि मग साक्षी-उलटतपासण्या. चौदा महिने लागले, फी ७५ हजार.

"तुला विचारतात, द्यायचे कोणाला," आत्या म्हणाल्या. "मला विचारत होते, नवऱ्याची सही खरी का."

मी विचारलं, अर्ज तुम्ही केलात का? तर नाही, मित्राने. प्रोबेट मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकालाच मिळतं. कोणाला नेमलेलंच नसेल, किंवा नेमलेला आधीच गेला असेल, तर मृत्युपत्र जोडलेलं व्यवस्थापनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकार, मागावं लागतं. मित्र ऐंशीचे होते. प्रत्येक तारखेला आत्या त्यांच्या तब्येतीची चौकशी करायच्या. त्यात प्रेम होतं तितकीच धास्ती होती, असं त्यांनीच कबूल केलं.

माझं काम संपून गेल्यावर नियम दोनदा बदलले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नामांकन नसलेल्या खात्यांसाठी एक किमान मर्यादा ठरवून दिली: व्यापारी बँकांना पंधरा लाख, सहकारी बँकांना पाच लाख. त्या रकमेपर्यंत, वाद नसेल तर, कोर्टाचा कागद न मागता साध्या कागदपत्रांवर दावा निकाली काढायचा. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, आणि उशीर बँकेमुळे झाला तर भरपाई. बँकांना हे मार्च २०२६ अखेरपर्यंत लागू करायला सांगितलं. बाबांच्या बारा लाखांना आज कोर्ट लागलं नसतं. सह्या मात्र आजही पाचही जणांच्या लागल्या असत्या. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं, म्हणजे मुंबईतल्या मृत्युपत्रांना प्रोबेटची ती सक्ती गेली. प्रोबेट घेता येतं, सक्ती नाही. मृत्युपत्रावर कोणी बोट ठेवेल अशी शंका असेल तर घेतलेलं बरं, असं वकीलबाई म्हणतात. आत्यांना फोन करून हे सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "ते ७५ हजार परत देतात का, बघ."

मार्च २०२४ मध्ये पैसे माझ्या खात्यात आले आणि मी पाच जणांची यादी करून वाटे पाठवले. काकांनी धनादेशच मागितला, ऑनलाइन नको म्हणाले. कारण विचारलं नाही. नंतर काकूंकडून कळलं की तो वटवायच्या आधी त्याची झेरॉक्स काढून त्यांनी आजीच्या फोटोमागे ठेवली आहे.

पुढच्या दिवाळीत कपाट साफ करताना २०१८ च्या कॅलेंडरच्या पानांत घडी घातलेली आणखी एक पावती सापडली. गावातल्या एका पतसंस्थेची, साठ हजारांची. माझ्या पोटात गोळा आला. वकीलबाई म्हणाल्या की दाखला वाढवून घेता येतो, त्याची कायद्यात सोय आहे, पण आधी पतसंस्थेत जाऊन विचारा. गेले. तिथल्या कारकुनाने पावती उलटी-सुलटी बघितली, एक हमीपत्राचा नमुना दिला, पाच सह्या आणायला सांगितल्या आणि बाराव्या दिवशी पैसे दिले. निघताना म्हणाला, "नामांकन नव्हतं ना, म्हणून एवढा वेळ लागला."